लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटतंय, उद्या रविवार. तोवर पाणी किती आणि कसं घेऊ?

निंबोळी (शनिवार, सायंकाळी ६:५०)

आज दुपारपासून लघवीला गेलं की शेवटी शेवटी चांगलीच आग होते. जाऊन आले की पाच-दहा मिनिटांत पुन्हा जावंसं वाटतं आणि गेलं तर चमचाभरही होत नाही. बेंबीच्या खाली ओटीपोटात जड वाटतंय. रंग गडद पिवळा आहे, चहाच्या जवळ जाणारा.

मी अकोल्यात असते, शाळेत शिकवते. सध्या सकाळची शाळा आहे, पण परीक्षेच्या कामामुळे दोन वाजेपर्यंत थांबावं लागतं. बाहेर ४३ अंश तापमान आहे. शाळेतलं स्वच्छतागृह जाण्यासारखं नाही, म्हणून आम्ही सगळ्याच जणी घरी येईपर्यंत पाणी अगदी कमी पितो. घरातले म्हणतात, उन्हाळी लागली आहे, पाणी पी म्हणजे जाईल. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना आता सोमवारीच उघडेल. तोवर नक्की काय प्यायचं, किती आणि कसं? आणि सोमवारपर्यंत थांबावं की नाही, हे कशावरून ठरवू?

माजघर (सायंकाळी ७:१५)

निंबोळी, घाबरू नकोस. उन्हाळीच आहे ही. एक चमचा धणे आणि अर्धा चमचा जिरे ठेचून तांब्याभर पाण्यात भिजत घाल आणि दोन-तीन तासांनी गाळून दिवसभर पी. सब्जा भिजवून घे. वाळा घातलेलं माठातलं पाणी असेल तर उत्तम. आणि औषधाच्या दुकानात लघवीच्या जळजळीचं ते गोड-आंबट सिरप मिळतं, दोन चमचे ग्लासभर पाण्यात टाकून तीन वेळा घे. मला तासाभरात आराम पडतो. घरात कुणाच्या लघवीच्या इन्फेक्शनच्या जुन्या गोळ्या उरल्या असतील तर एक सकाळी, एक रात्री घेतलीस तर सोमवारी दवाखान्यात जायचीही गरज उरणार नाही.

रानजाई (सायंकाळी ७:४०)

मी जनरल प्रॅक्टिस करते, लातूर जिल्ह्यात. निंबोळीताई, उरलेल्या गोळ्यांना आत्ता हात लावू नका, कारण नंतर सांगते. आधी या गोष्टींची उत्तरं द्या.

ताप किंवा थंडी वाजून हुडहुडी भरली का? पाठीत, शेवटच्या बरगडीच्या खाली, एका बाजूला दुखतं का? तिथे हलकेच बुक्की मारली तर कळ येते का? उलट्या? लघवीत लाल किंवा गुलाबी छटा? पाळी वेळेवर आहे का, दिवस राहिले असण्याची शक्यता? मधुमेह आहे का? मूतखड्याचा किंवा किडनीचा पूर्वी काही त्रास? आणि आग आत, लघवीच्या वाटेतच होते, की लघवी बाहेरच्या त्वचेला लागली की होते? खाज किंवा पांढरं जातंय का?

पेठेतला (सायंकाळी ७:५५)

मलाही हाच त्रास आहे. वय ६७. रात्री सारखं उठावं लागतं, धार बारीक येते, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं. मी पाणी वाढवून पाहिलं तर उलट रात्रीचं उठणं वाढलं. त्यामुळे जास्त पाणी प्यायचा सल्ला मला पटत नाही.

रानजाई (रात्री ८:०५)

पेठेतला काका, तुमचा त्रास वेगळा वाटतो. या वयात जळजळ नसताना बारीक धार आणि रात्रीचं उठणं असेल तर आधी प्रोस्टेट तपासतात. तिथे लघवी पुढे जायला वाट कमी पडत असते, त्यामुळे पाणी वाढवलं की फेऱ्याच वाढणार. तुम्ही सर्जनना दाखवा, सोनोग्राफीत लघवी करून झाल्यावर पिशवीत किती शिल्लक राहते ते कळेल. आणि पुरुषाला जळजळ असेल तर घरी वाट पाहू नये, सरळ तपासणी करून घ्यावी. इथलं पुढचं बोलणं मी निंबोळीताईंसाठी लिहिते आहे.

निंबोळी (रात्री ८:१२)

ताप नाही, आत्ताच मोजला. थंडी, उलटी नाही. पाठीत बुक्की मारून पाहिली, काही दुखलं नाही. लाल काही दिसलं नाही. पाळी मागच्याच आठवड्यात संपली. साखर नाही, मूतखडा कधी झाला नाही. आग आतच होते, खाज नाही. वय ३६.

रानजाई (रात्री ८:४५)

मग सोमवार सकाळपर्यंत घरी थांबायला हरकत नाही, पण दर चार-सहा तासांनी ताप बघत राहा. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखायला लागलं, उलट्यांमुळे पाणी पोटात ठरेना, लघवीत रक्त दिसलं किंवा ओटीपोट तुंबूनही लघवी होईना, तर रविवार असला तरी, रात्र असली तरी रुग्णालयात जायचं. तेव्हा पाणी पीत बसू नये, कारण संसर्ग वर किडनीकडे चढलेला असू शकतो.

आता पाण्याचं. तुम्ही सकाळपासून दोन वाजेपर्यंत जवळजवळ काही प्यायला नाहीत आणि बाहेर एवढी उष्णता. लघवी इतकी दाट झाली की नुसती तीसुद्धा जाळते, संसर्ग नसतानाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये असे पुष्कळ जण येतात. म्हणून आज रात्रीचं आणि उद्याचं पाणी हे अर्धं औषध आणि अर्धी परीक्षा आहे.

घरातला साधा पेला घ्या, साधारण २०० मिलिचा. आत्ता दोन पेले अर्ध्या तासाच्या अंतराने प्या, मग झोपेपर्यंत तासाला एक. रात्री मुद्दाम उठून पिऊ नका, पण लघवीसाठी जाग आली तर दोन घोट घ्या. उद्या जागेपणी दर तासाला एक पेला, म्हणजे दिवसभरात अडीच ते तीन लिटर होतं. अकोल्याच्या उन्हात तेवढं लागतंच. एकदम लिटरभर घटाघट पिऊन उपयोग नाही, ते तासाभरात बाहेर पडतं आणि पुढचे तीन तास पुन्हा कोरडे. आणि पाच-सहा लिटर नको, त्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, डोकं जड होऊन मळमळतं.

साधं पाणी सगळ्यात चांगलं. त्यात ताक, धण्याचं पाणी, जवाचं पाणी, एखादं शहाळं चालेल. चहा, कॉफी आणि कोलाची बाटली दोन दिवस बंद. त्यांनी पिशवी जास्त चिडते, हे बहुतेकींना जाणवतं. उसाचा रस, सरबतं पोटभर पिऊ नका.

दोन-तीन तासांच्या वर लघवी रोखायची नाही. नीट बसा, अधांतरी उकिडवं राहू नका, झाल्यावर किंचित पुढे वाकून थोडं थांबा, म्हणजे पिशवी रिकामी होते. आग फार असेल तर पॅरासिटामॉल ५०० चालेल, ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवा. ब्रुफेनसारखी गोळी नको, तुम्ही आधीच कोरड्या आहात आणि तिचा भार किडनीवर पडतो.

आता परीक्षा कशी बघायची? उद्या दुपारपर्यंत लघवी गवताच्या काडीसारखी फिकट झाली आणि जळजळही तिच्याबरोबर उतरली, तर बहुधा उन्हाचीच आहे. लघवी फिकट झाली, भरपूर होते आहे, तरी आग तशीच आणि जाऊन आल्या आल्या पुन्हा घाई, तर पिशवीत संसर्ग आहे असं धरून चाला. मग पाण्याने त्रास सुसह्य होईल, पण ते तपासणीची जागा घेणार नाही.

माजघर (रात्री ९:१०)

पण त्या सिरपने मला खरंच बरं वाटतं, आणि ते तर विनाचिठ्ठी मिळतं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खायचा सोडा-लिंबू घेत आलेत.

रानजाई (रात्री ९:३०)

बरं वाटतं, ते मी नाकारत नाही. त्याने लघवीचा आंबटपणा कमी होतो आणि झोंबणं उतरतं असं पुष्कळ रुग्ण सांगतात. अभ्यासांत मात्र त्याचा उपयोग आहे किंवा नाही, हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. जंतू त्याने मरत नाहीत. माझी अडचण पुढची आहे. सोमवारी तुमच्या डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन दिलं, जे या त्रासात आम्ही बरेचदा देतो, तर ते आंबट लघवीत जास्त चांगलं काम करतं. त्याच्या जोडीला सोडा किंवा ते सिरप घेतलं की गोळीचा जोर कमी होतो. म्हणून उद्या एखादा डोस घेतलात तरी चालेल, पण सोमवारी डॉक्टरांना सांगा आणि गोळी सुरू झाली की ते थांबवा. त्यात सोडियमही बरंच असतं, रक्तदाब, हृदय किंवा किडनीचे रुग्ण असतील तर मुळीच नको.

काचपट्टी (रात्री १०:०५)

मी लॅबमध्ये काम करतो, लघवीचे नमुने रोज बघतो. उरलेल्या गोळीबद्दल रानजाई मॅडम कारण सांगणार होत्या, ते मी सांगतो. एखाद-दुसरी गोळी पोटात गेली की पिशवीतले बरेचसे जंतू दबतात, पण सगळे मरत नाहीत. आमच्याकडे कल्चरला प्लेटवर काहीच वाढत नाही, रिपोर्ट 'नो ग्रोथ' येतो आणि दोन दिवसांनी पेशंट परत त्याच जळजळीने येतो. शिवाय ती गोळी कोणती आणि त्या जंतूवर चालते की नाही, ते कुणालाच माहीत नसतं. आमच्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारे जंतू रोज दिसतात.

पाण्याचाही संबंध नमुन्याशी आहे, आणि तो कुणी सांगत नाही. नमुना द्यायच्या आधी लोक बाहेर बाकावर बसून दोन बाटल्या पाणी संपवतात आणि मग पाण्यासारखा नमुना देतात. त्यात पेशीही पातळ होतात, जंतूंची संख्याही कमी भरते आणि खरा संसर्ग रिपोर्टात सौम्य दिसतो. म्हणून सोमवारी नमुना पहाटे उठल्यावरची पहिली लघवी द्या. त्याआधी पाणी पिऊ नका. नमुना झाला की लगेच पुन्हा सुरू करा.

झाकण असलेली निर्जंतुक डबी लॅबमध्ये मिळते, घरची बाटली नको. पुढून मागे असं साध्या पाण्याने धुवा, साबण किंवा डेटॉल वापरू नका, त्याचे अंश नमुन्यात येतात. पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडा. डबीच्या आतून बोट लागू देऊ नका. दोन तासांत लॅबला पोहोचवा. जमणार नसेल तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फात नको. उन्हात गाडीच्या डिकीत राहिला तर त्यातले जंतू वाढत राहतात आणि रिपोर्ट खोटाच भयंकर येतो.

सातासमुद्र (रात्री १०:४०)

मी लेस्टरला राहते. इथे इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून फार्मसी फर्स्ट सुरू झालंय. १६ ते ६४ वयाच्या, गरोदर नसलेल्या बाईला साधा लघवीचा संसर्ग असेल तर फार्मासिस्टच प्रश्न विचारून गरज असेल तर अँटिबायोटिक देतो, डॉक्टरांकडे जावं लागत नाही. तेही हेच विचारतात, ताप, पाठीत दुखणं. माझ्या मैत्रिणी क्रॅनबेरीचा ज्यूस पितात. तो माझ्या आईला सांगू का?

रानजाई (रात्री ११:००)

क्रॅनबेरीने वारंवार होणारा संसर्ग काही बायकांमध्ये कमी होतो असं दिसलंय, पण एकदा झालेला संसर्ग त्याने बरा होत नाही. बाजारातल्या ज्यूसमध्ये साखर भरपूर असते. आणि आई वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर आधी विचारा.

कोयनाकाठ (रविवार, सकाळी ७:३०)

मी काल रात्री हा धागा वाचला, आणि माझ्या आईला नेमकं असंच होतंय. वय ७१. हार्ट फेल्युअरची औषधं चालू आहेत, कार्डिओलॉजिस्टनी दिवसाला सव्वा लिटरच पाणी सांगितलंय. तिला तासाला एक पेला चालेल का? तिला जळजळ थोडीच आहे, पण कालपासून ती थोडी गोंधळल्यासारखी बोलते.

रानजाई (सकाळी ७:४२)

कोयनाकाठ, नाही. ही मोजमापं तुमच्या आईसाठी नाहीत. सव्वा लिटरच्या वर द्यायचं नाही, जास्त पाण्याने पायाला सूज येईल, धाप लागेल. किडनी कमजोर असलेल्यांनाही हेच, आणि त्यांना शहाळंसुद्धा नको, त्यात पोटॅशियम असतं. या वयात गोंधळ हेच संसर्गाचं लक्षण असू शकतं, किंवा दुसरं काही गंभीरही असू शकतं. आज रविवार असला तरी त्यांना रुग्णालयात घेऊन जा. त्यांच्या गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत ठेवा.

कोयनाकाठ (सकाळी ७:५०)

निघतो आहोत.

निंबोळी (रविवार, दुपारी ३:२०)

सकाळपासून तासाला एक पेला चाललंय. त्यात सकाळी ताक आणि दुपारी धण्याचं पाणी, बाकी साधं. लघवी आता अगदी फिकट, जवळजवळ पाण्यासारखी. आग निम्म्याने कमी झाली, पण गेली नाही. शेवटचे थेंब पडताना जी कळ येते ती तशीच आहे, आणि घाई तर अजिबात कमी नाही. जाऊन येते, बसते, पुन्हा उठते. ताप ९८.६. म्हणजे ही नुसती उन्हाची नाही ना?

रानजाई (दुपारी ३:३५)

हो, ताई, मलाही तसंच वाटतं. फिकट लघवीतही घाई आणि शेवटची कळ राहिली, म्हणजे पिशवीची आतली बाजू सुजलेली आहे. लघवीत तरंगणारे जंतू पाण्याने वाहून जातात, पण जे पिशवीच्या भिंतीला चिकटून बसतात त्यांना पाणी हलवू शकत नाही, म्हणून आग कमी होऊनही त्रास संपत नाही. आता रंग पाण्यासारखा झालाय, तर तासाला एकऐवजी दीड तासाला एक करा, हलका पिवळा रंग पुरे. पहाटे काचपट्टींनी सांगितल्याप्रमाणे नमुना, आणि मग दवाखाना.

माजघर (दुपारी ४:०५)

माझा धण्याच्या पाण्यावरचा विश्वास यामुळे कमी होत नाही. निंबोळीला आराम पडला तो त्यानेच.

काचपट्टी (दुपारी ४:२०)

ताई, धण्याचं पाणी वेगळं काढून किती आणि नुसतं पाणी किती उपयोगी, हे असं सांगता येत नाही. तिने तेवढेच पेले साध्या पाण्याचे घेतले असते तर काय झालं असतं, ते आपल्याकडे नाही. पिऊ नका असं कुणी म्हणत नाही.

निंबोळी (सोमवार, सायंकाळी ७:०५)

पहाटे नमुना घेतला, आठच्या आत लॅबला दिला. रिपोर्टात पस सेल्स २५ ते ३०, नायट्राइट पॉझिटिव्ह, थोड्या लाल पेशी. कल्चर लावलंय. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन १०० दिवसातून दोनदा, पाच दिवस, जेवणाबरोबर सांगितलंय. त्यांनाही सिरपचं विचारलं, ते म्हणाले नको. लघवी तपकिरी दिसेल, घाबरू नका असंही म्हणाले. पाणी चालूच ठेवायचंय का?

रानजाई (सायंकाळी ७:३०)

चालूच. दिवसाला दोन-अडीच लिटर, उन्हात थोडं जास्त. दोन दिवसांत फरक पडायलाच हवा. तोवर ताप आला तर लगेच परत जा, कारण ही गोळी पिशवीतल्या संसर्गावर चालते, किडनीत चढलेल्यावर नाही. आणि दुसऱ्याच दिवशी बरं वाटलं तरी पाचही दिवस पूर्ण करा.

कोयनाकाठ (सोमवार, रात्री ९:१५)

आई ॲडमिट आहे. लघवीत संसर्ग निघाला आणि सोडियमही कमी आलं. सलाईन अगदी जपून देताहेत, पाणी मोजून. आता ओळखते आहे. गोंधळ नक्की कशामुळे झाला, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

निंबोळी (गुरुवार, सायंकाळी ६:३०)

कल्चर आलं. ई. कोलाय. नायट्रोफ्युरँटॉइनला दाद देणारा, सिप्रोफ्लॉक्सासिनला न देणारा. मला काल सकाळपासूनच आग नाही, घाईही उतरली. घरात नवऱ्याच्या सिप्रोच्या गोळ्या खरंच पडून होत्या. शाळेत पाण्याची बाटली न्यायची ठरवलंय, पण स्वच्छतागृहाचा प्रश्न तसाच आहे. आम्ही सगळ्याजणींनी मुख्याध्यापिकांना अर्ज दिलाय, अजून उत्तर नाही. पाणी वाढवून पुन्हा होणं खरंच टळतं का?

रानजाई (सायंकाळी ७:१०)

वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या बायकांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात रोज दीड लिटर पाणी वाढवलेल्या गटात वर्षभरात संसर्ग निम्म्याच्या आसपास कमी झाले. तुमचं प्रकरण त्याच्याशी बरंच जुळतं, पण पाणी पिऊन रोखून धरलं तर फायदा होणार नाही. दोन वर्ग झाले की एकदा जायलाच हवं. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा झालं तर साखर आणि सोनोग्राफी करून घ्या.

माजघर (सायंकाळी ७:४०)

बरं होऊन आता पुन्हा कल्चर करायचं का? आमच्याकडे सगळे करतात.

काचपट्टी (सायंकाळी ७:५५)

त्रास गेला असेल आणि गरोदर नसेल तर नाही. गरोदरपणात मात्र पुन्हा करतात.